माजलगावची बेरीज ९६

‘माजलगाव’ हे नाव संगणकातून तारेवर जाते तेव्हा काने धरून सात अक्षरचिन्हे जातात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१ बाइट. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. हे २१ आकडे मिळवले की ३,९३६ येतात. त्यातून २५६ चे पट काढून टाकले की उरतात ९६. हा ९६ नावाच्या शेपटीला जोडून पाठवायचा, बस. यालाच चेकसम म्हणतात.

२५६ च का? आठ बिटांच्या प्रोसेसरमध्ये बेरजेचा हातचा आठ बिटांबाहेर गेला की आपोआप गळतो. वेगळा भागाकार करावाच लागत नाही. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सनने १९७७ साली एक्समोडेम लिहिला तेव्हा हीच युक्ती वापरली. टेलिफोनच्या खरखरणाऱ्या लाइनवरून फाइल १२८ बाइटांच्या तुकड्यांनी जायची. प्रत्येक तुकड्याआधी सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि २५५ मधून तो क्रमांक वजा केलेला आकडा असे तीन बाइट, शेवटी चेकसमचा एक. सारे मिळून १३२. घेणारा स्वतः बेरीज करायचा. जुळली तर ६ हा बाइट उलट पाठवायचा, म्हणजे ‘पोचले’. नाही जुळली तर २१, म्हणजे ‘पुन्हा धाडा’. चूक कुठे झाली हे त्याला कळत नाही, अख्खा तुकडाच परत मागवावा लागतो.

आता लाइनवर खरखर झाली आणि ‘ल’च्या शेवटच्या बाइटमधला सर्वांत लहान बिट उलटला असे समजा. १७८ चे १७९ होतात आणि पडद्यावर ‘माजळगाव’ उमटते. बेरीज ९७. चोर सापडला. एकच बिट बिघडला तर ही बेरीज कधीच फसत नाही.

पण त्याच वेळी ‘ग’चाही तसाच बिट उलटला तर? १५१ चे १५० होतात, ‘ग’चा ‘ख’ होतो. एक वाढला, एक घटला. ‘माजळखाव’ची बेरीज पुन्हा ९६, आणि घेणारा खुशाल ‘पोचले’ कळवतो. तुकड्याचा पार चुथडा झाला तरी साधारण २५६ पैकी एका वेळी तो असाच निसटतो.

मला याहून खटकते ती अदलाबदल. ‘मालजगाव’ घ्या, ‘जामलगाव’ घ्या, बेरीज ९६ च, कारण बेरजेला क्रम ठाऊक नसतो. जॉन फ्लेचरने १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत दुसरी बेरीज असते: प्रत्येक बाइट मिळवल्यावर पहिल्या बेरजेचा जो आकडा येतो, तोही दुसरीकडे मिळवत जायचा. मग आधी आलेला बाइट जास्त वेळा मोजला जातो. ‘ज’ आणि ‘ल’ यांच्या शेवटच्या बाइटांत २२ चा फरक आहे आणि त्यांच्यात तीन जागांचे अंतर. त्यामुळे ‘मालजगाव’ची दुसरी बेरीज ६६ ने पुढे जाते आणि अदलाबदल पकडली जाते. त्यासाठी खर्च होतो तो फक्त आणखी एका बाइटाचा.