अडीच घरांचा घोडा आणि बेचाळीस उड्या

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर पांढऱ्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात, म्हणजे a1 या घरात, एकटा घोडा उभा आहे. त्याला जायचंय तिरक्या शेजारच्या b2 मध्ये. उंट किंवा राजा हे काम एका चालीत उरकतील. घोड्याची चाल अडीच घरांची असल्यामुळे त्याला मात्र हाकेच्या अंतरावरचं हे घर गाठायला बराच वळसा घ्यावा लागतो. प्रश्न एवढाच, की कमीत कमी किती उड्या?

हाच प्रश्न संगणकशास्त्रात ‘ग्राफ’च्या भाषेत विचारला जातो. पटावरची ६४ घरं म्हणजे ६४ बिंदू, आणि ज्या दोन घरांमध्ये घोड्याची एक उडी बसते त्यांना जोडणारी एक रेघ. अशा रेघा मोजल्या तर १६८ भरतात. प्रत्येक उडीची किंमत सारखीच, कुठली रेघ लांब नाही की कुठली आखूड नाही. त्यामुळे सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे सर्वांत कमी रेघांचा रस्ता. तो शोधायला निघालं की दोन जुन्या पद्धती समोर येतात, ब्रेड्थ-फर्स्ट सर्च आणि डेप्थ-फर्स्ट सर्च. दोन्ही पद्धती पट पिंजून काढतात आणि दोन्ही b2 पर्यंत नक्की पोचतात. मात्र कमीत कमी उड्यांची हमी त्यांतली एकच देते.

आधी ब्रेड्थ-फर्स्ट. a1 वर शून्य लिहायचं. तिथून एका उडीत b3 आणि c2 ही दोनच घरं गाठता येतात, त्यांवर १ लिहायचा. मग या दोघांपासून एका उडीवरची, अजून आकडा न पडलेली घरं शोधायची. ती नऊ निघतात, त्यांवर २. पुढच्या फेरीत वीस घरांवर ३, मग एकवीस घरांवर ४, दहा घरांवर ५, आणि शेवटी समोरच्या कोपऱ्यातल्या h8 या एकाच घरावर ६. पट भरला. b2 वर आकडा पडलेला असतो ४.

नुसता आकडा मिळून भागत नाही, रस्ताही हवा. त्यासाठी प्रत्येक घर पहिल्यांदा सापडलं तेव्हा ते कोणत्या घरातून सापडलं, हे त्याच्याजवळ टिपून ठेवतात. b2 पासून त्या टिपणांच्या आधारे उलटं चालत गेलं की रस्ता हाती येतो. शेजारची घरं वर्णक्रमाने, a कडून h कडे तपासली तर तो रस्ता a1, b3, a5, c4, b2 असा निघतो. क्रम उलटा केला, म्हणजे h कडून a कडे तपासत गेलं, तर निघतो a1, c2, e3, d1, b2. रस्ता बदलला, पण उड्या दोन्ही वेळा चारच.

हे योगायोगाने होत नाही. या पद्धतीत सापडलेली घरं एका रांगेत उभी राहतात आणि जो आधी आला त्याचे शेजारी आधी तपासले जातात. त्यामुळे १ आकड्याची सगळी घरं संपल्याशिवाय २ वाल्यांची पाळी येत नाही आणि २ वाले संपल्याशिवाय ३ वाल्यांची. आता समजा, एखादं घर खरोखर चार उड्यांवर आहे. त्याच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावरचं शेवटून दुसरं घर तीन उड्यांवर असणारच. त्या घराला आपल्या फेरीत बरोबर ३ मिळाला असेल, तर त्याची पाळी येताच ते आपल्या या शेजाऱ्याला ४ देऊन टाकतं. त्याआधी कुणी त्याच्यावर लहान आकडा टाकू शकत नाही, कारण आकडा पडणं म्हणजे तेवढ्या उड्यांचा रस्ता हातात असणं, आणि चारपेक्षा कमी उड्यांचा रस्ता मुळात नाहीच. हाच युक्तिवाद शून्यापासून एकेक पायरी चढवत नेला की सिद्धता पुरी होते.

आता डेप्थ-फर्स्ट. इथे फेऱ्या नाहीत, रांग नाही. एका घरात पोचलं की त्याच्या शेजाऱ्यांपैकी पहिलं न पाहिलेलं घर धरायचं आणि लगेच तिथून पुढे निघायचं. वाट खुंटली तरच एक घर मागे यायचं आणि पुढचा पर्याय बघायचा. एकदा पाहिलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

वर्णक्रमाने निघालेला घोडा असा जातो: a1, b3, a5, b7, c5, a4, b2. सहा उड्या. चारच्या जागी सहा ही काही फार मोठी चूक वाटत नाही. चूक कुठे झाली तेही दिसतं. a5 पर्यंत घोडा अगदी सर्वांत जवळच्या रस्त्यावर होता. तिथून c4 धरलं असतं तर पुढच्याच उडीत b2 आलं असतं. पण वर्णक्रमात b7 आधी येतं, म्हणून तो वर गेला.

त्याच घोड्याला आता उलट्या क्रमाने सोडून पाहावं. प्रत्येक घरी शेजाऱ्यांपैकी वर्णक्रमात सर्वांत शेवटचं न पाहिलेलं घर आधी, एवढाच बदल. पहिल्या दोन उड्या c2 आणि e3. हासुद्धा सर्वांत जवळचाच रस्ता आहे, कारण e3 वरून d1 आणि d1 वरून b2. पण उलट्या क्रमात e3 चा पहिला शेजारी g4, आणि तिथून घोडा जो सुटतो तो पटाच्या उजव्या बाजूला भरकटतो. h6, g8, f6, h7, g5, h3, g1 असं करत चौदाव्या उडीला तो h8 वर, म्हणजे थेट समोरच्या कोपऱ्यात असतो. तेविसाव्या उडीला h1 वर. तेहेतिसाव्या उडीला तो d3 वर येतो, जिथून b2 पुन्हा एका उडीवर आहे. पण d3 च्या शेजाऱ्यांत c5 हे क्रमाने b2 च्या आधी लागतं, म्हणून हातातोंडाशी आलेलं घर सोडून तो परत वर. मग b7, d8, c6, d4, e2, c3, एकेचाळिसाव्या उडीला d1, आणि बेचाळिसाव्या उडीला b2.

बेचाळीस! आणि मध्ये एकदाही वाट खुंटून मागे फिरावं लागलेलं नाही. पद्धतीच्या नियमांप्रमाणे सगळं यथासांग झालं. डेप्थ-फर्स्टने ‘b2 गाठता येतं का’ या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं. ‘किती उड्यांत’ हा प्रश्न तिच्या नियमांत कुठेच नव्हता, तिथे होता फक्त शेजाऱ्यांचा क्रम. म्हणूनच एका क्रमाने सहा, दुसऱ्याने बेचाळीस, आणि एखाद्या तिसऱ्या क्रमाने नशिबाने चारही निघू शकतात. नवख्या प्रोग्रामरची फसगत इथेच होते. छोट्या उदाहरणावर उत्तर बरोबर येतं, म्हणून पद्धत बरोबर आहे असं तो धरून चालतो.

मग हातात आलेले आकडे खरी अंतरं आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं? पुन्हा सगळा शोध घ्यायची गरज नाही. पटावरच्या १६८ जोड्या एकेक करून बघायच्या आणि प्रत्येक जोडीतल्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची. ब्रेड्थ-फर्स्टने भरलेल्या पटावर फरक कधीच एकाहून जास्त येत नाही: e3 वर २ आणि d1 वर ३, d1 वर ३ आणि b2 वर ४. आता डेप्थ-फर्स्टच्या बेचाळीस उड्यांच्या वाटेवर त्याच जोडीकडे पाहावं. e3 वर २ आहे आणि त्याच्या लगतच्या d1 वर ४१. एका उडीच्या शेजाऱ्यांत एकोणचाळिसांचा फरक! हे आकडे अंतरं असूच शकत नाहीत, कारण दोन उड्यांवरच्या घराचा शेजारी तीनपेक्षा लांब कसा असेल?

ही तपासणी दिसते त्याहून पक्की आहे. सुरुवातीच्या घरावर शून्य असेल आणि कोणत्याही जोडीत फरक एकाहून जास्त नसेल, तर ४ आकड्याचं घर चारपेक्षा कमी उड्यांत गाठता येणारच नाही, कारण एका उडीत आकडा फार तर एकाने वाढतो. शिवाय शून्याखेरीज प्रत्येक घराला नेमका एकाने लहान आकड्याचा शेजारी असेल, तर त्या शेजाऱ्यांवरून उतरत तेवढ्याच उड्यांत a1 वर येता येतं. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की आकडे कोणत्या प्रोग्रामने भरले याची चौकशीच उरत नाही.

फेऱ्याफेऱ्यांनी पसरण्याची ही युक्ती बेल लॅब्जमधले एडवर्ड मूर यांनी १९५९ साली छापून आलेल्या एका निबंधात मांडली. विषय होता भूलभुलैयातून बाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. दोनच वर्षांनी सी. वाय. ली यांनी तिचा वापर दोन बिंदू जोडणारी वाट आखण्यासाठी करून दाखवला आणि पुढे सर्किटमधल्या तारा आखणाऱ्यांनी ती उचलली. डेप्थ-फर्स्टचं मूळही भूलभुलैयातच सापडतं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्रेमो यांनी वाटांवर खुणा करत पुढे जाण्याची आणि अडलं की मागे फिरण्याची रीत सांगितली होती. पण भूलभुलैयात स्वतःच्या पायांनी अडकलेल्या माणसाला ब्रेड्थ-फर्स्टचा फारसा उपयोग नाही, कारण रांगेतल्या पुढच्या जागेवर जायला त्याला दर वेळी पार पलीकडच्या टोकापर्यंत पायपीट करावी लागेल. त्याला बाहेर पडायचं असतं, उड्या मोजायच्या नसतात.

ब्रेड्थ-फर्स्टच्या हमीची किंमत स्मरणशक्तीत मोजावी लागते. सापडलेलं प्रत्येक घर तिला आकड्यासह लक्षात ठेवावं लागतं, आणि काठावरची अख्खी फेरी रांगेत सांभाळावी लागते. ६४ घरांना हे काहीच नाही. दोन बाय दोनच्या छोट्या रुबिक क्यूबच्या ३६,७४,१६० स्थितीही आजचा साधा संगणक सहज भरून काढतो. अर्धा फेराही एकच चाल धरला, तर कोणतीही स्थिती ११ चालींत सुटते हे अशाच फेऱ्यांनी मोजता येतं. नेहमीच्या तीन बाय तीनच्या क्यूबला मात्र ४३ वर १८ शून्यांइतक्या स्थिती आहेत. तिथे सगळी रांग साठवायला जागाच नाही, त्यामुळे २० चाली पुरतात हे २०१० साली सिद्ध करताना समरूपतेचा आधार घेऊन काम कोट्यवधी तुकड्यांत वाटावं लागलं.

आणि ही हमी फक्त सारख्या रेघांपुरती आहे. घोड्याच्या उडीऐवजी गावांमधले रस्ते घेतले, एक रेघ ५ किलोमीटरची आणि दुसरी ५० ची असली, तर ब्रेड्थ-फर्स्ट अजूनही कमीत कमी रेघांचाच रस्ता देते, पण तो किलोमीटरनेही कमी असेलच असं नाही. दोन लांब रेघांपेक्षा तीन आखूड रेघा स्वस्त पडू शकतात. तिथे रांगेत आधी आलेल्याला नव्हे, तर सुरुवातीपासून सर्वांत कमी अंतर भरलेल्याला पुढे घ्यावं लागतं. ती पद्धत एट्सखर डाइकस्ट्रा यांनी प्रसिद्ध केली, तीही १९५९ सालीच.