एक दाबलं म्हणजे नाव लागलं?

"ताई, मी कालच एक दाबला होता. मग आज माझं नाव का नाही?" 2021च्या मे महिन्यात लसीकरणाच्या मदत-लाइनवर स्वयंसेवक म्हणून बसले होते, तेव्हा हे वाक्य रोज ऐकायचे. आधी नीट समजावायचे, दुपारनंतर आवाज चढायचा.

तर पुन्हा एकदा: बटण दाबून बुकिंग होत नव्हतं, फक्त तुमची मागणी नोंदली जायची. रेकॉर्ड केलेला आवाज पिनकोड आणि जन्मवर्ष विचारायचा. प्रत्येक बटणाचा सूर वेगळा असतो, त्यावरून पलीकडचा संगणक आकडे ओळखतो. पण नाव सुरांतून कळत नाही. कोविनला मात्र ओळखपत्रावरचं नाव आणि त्याचा क्रमांक लागायचा. म्हणून स्वयंसेवक उलट फोन करून ही माहिती भरायचा.

खरा घोळ इथे व्हायचा. एका आजींनी सांगितलं, "एकोणसाठचा जन्म." घरघरणाऱ्या फोनवर मला ऐकू आलं एकोणसत्तर! तेव्हापासून मी आकडे सुटे वदवून घेऊ लागले: एक, नऊ, पाच, नऊ.

मग ओटीपी. तो आजींच्याच फोनवर येणार आणि तीनच मिनिटं चालणार. मेसेज बघायला त्या फोन कापायच्या, मी पुन्हा लावेपर्यंत वेळ संपलेली. कंटाळून काही स्वयंसेवक स्वतःचाच नंबर टाकत. पण तेव्हा एका नंबरवर चारच जणांची नोंदणी व्हायची, पाचव्याला नकार. शिवाय पुढचे मेसेजही स्वयंसेवकाकडेच. 8 मेपासून ऑनलाइन वेळ घेतलेल्यांना केंद्रावर चार आकडी कोड विचारू लागले. आजी रांगेत आणि कोड आमच्या फोनमध्ये!

नोंदणी झाली तरी वेळ मिळाली असं नव्हतं. केंद्र, तारीख आणि कोड असलेला मेसेज तुमच्या हातातल्या फोनवर आला, की बुकिंग झालं. तोवर ती मागणीच.

आता तेव्हाचे बाकीचे गैरसमज.

"यासाठी इंटरनेट लागतं." स्वयंसेवकाला लागायचं, तुम्हाला नाही.

"लँडलाइनवरूनही सगळं होतं." बटणं दाबता यायची, पण ओटीपीचा मेसेज कुठे येणार?

"ओटीपी कोणालाच सांगायचा नाही." नियम बरोबर आहे. म्हणूनच मदत तुम्ही स्वतः मागितलेली हवी होती आणि मेसेजात कोविनचंच नाव हवं होतं. बँकेचं दिसलं तर फोन ठेवायचा.

"स्मार्टफोन नाही तर लस नाही." केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या माहितीनुसार 13 जून 2021पर्यंत कोविनवर नोंदलेल्या 28.36 कोटींपैकी 16.45 कोटी लोकांची नोंद थेट केंद्रावरच झाली होती. म्हणजे त्यांना एकसुद्धा दाबावा लागला नव्हता.