दहा लाखांचा फायदा, पण कितपत भरवशाचा?

कर्जासाठी बँकेत जाणाऱ्या प्रकल्प अहवालात एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, हा आकडा ठळक छापलेला असतो. पुढच्या वर्षांत हाती येणारी रोख आजच्या किमतीत मोजायची आणि तिच्यातून आजची गुंतवणूक वजा करायची. उत्तर अधिक आलं की प्रकल्प करण्याजोगा, उणे आलं की नाही. अडचण अशी, की पुढच्या वर्षांची रोख कोणालाच नक्की ठाऊक नसते. अहवालातला आकडा बऱ्यावाईट शक्यतांची सरासरी असतो, आणि सरासरी अधिक असली तरी प्रत्यक्षात एनपीव्ही उणे निघू शकतो. असं घडण्याची शक्यता किती, हे बऱ्यापैकी अदमासता येतं. त्यासाठी सरासरीच्या जोडीला आणखी एकच आकडा लागतो.

समजा, रत्नागिरीजवळ आंब्याचा पल्प डबाबंद करणारं एक छोटं युनिट टाकायचं आहे. गुंतवणूक एक कोटी. हिशोब सोपा राहावा म्हणून आयुष्य तीनच वर्षांचं धरू आणि शेवटी यंत्रांचे पैसे येणार नाहीत असं मानू. वर्ष बरं गेलं तर हाती ६२ लाख उरतात, नेहमीसारखं गेलं तर ४२ लाख, आणि मोहोर गळाला किंवा कॅनिंगच्या आंब्याचा दर चढला तर २२ लाख. नेहमीसारख्या वर्षाची शक्यता निम्मी, बऱ्या आणि वाईट वर्षाची प्रत्येकी पाव. म्हणजे दर वर्षाची अपेक्षित रोख ४२ लाख.

सात टक्के दराने वर्षभरानंतरच्या १ रुपयाची आजची किंमत ०.९३४६, दोन वर्षांनंतरच्याची ०.८७३४ आणि तीन वर्षांनंतरच्याची ०.८१६३. बेरीज २.६२४३. तिला ४२ ने गुणलं की ११०.२२ लाख होतात. गुंतवणूक वजा जाता अपेक्षित एनपीव्ही १०.२२ लाख.

आता दुसरा आकडा, प्रमाण विचलन. सरासरीपासून रोख साधारण किती इकडेतिकडे सरकते, ते हा आकडा सांगतो. आपल्या युनिटात निम्म्या वेळा फरक शून्य आणि निम्म्या वेळा २० लाख. वीसचा वर्ग ४००, त्याचा निम्मा २००, त्याचं वर्गमूळ १४.१४. तेव्हा एका वर्षाचं विचलन १४.१४ लाख. तिन्ही वर्षांचं मिळून काढताना विचलनांची सरळ बेरीज करायची नाही, कारण एका वर्षाची तूट दुसरं वर्ष काही अंशी भरून काढतं. वरच्या तीन गुणकांचे वर्ग करून मिळवले की २.३०२७ येतात. त्याचं वर्गमूळ १.५१७, आणि १४.१४ ने गुणल्यावर २१.४६ लाख.

अपेक्षित एनपीव्हीच्या दुपटीहून अधिक विचलन! शून्याची रेषा सरासरीपासून १०.२२ लाख खाली आहे, म्हणजे ०.४८ विचलनाइतकी. घंटेच्या आकाराच्या वक्राचं, म्हणजे प्रसामान्य वितरणाचं, कोष्टक काढून पाहिलं तर रेषेच्या खाली जाण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के निघते. अहवालात दहा लाखांचा फायदा दिसतो, आणि तीनात एक वेळा तोटा.

या रीतीत सर्वांत सर्रास होणारी गफलत दराची आहे. धंदा जोखमीचा म्हणून सात टक्क्यांऐवजी बारा टक्के दर लावावा, असं अनेकांना साहजिक वाटतं. तसं केलं की अपेक्षित एनपीव्ही जेमतेम ८८ हजारांवर येतो आणि उणे जाण्याची शक्यता ४८ टक्क्यांवर चढते. पण जोखीम आपण विचलनात आधीच मोजली होती. दरातही ती घातली की एकाच भीतीचे पैसे दोनदा कापले जातात. म्हणून इथे सरकारी रोख्यांच्या जवळपासचा, बिनजोखमीचा दर घ्यायचा असतो.

त्याहून खोल प्रश्न वर्षांच्या आपसातल्या नात्याचा. स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक हिलियर यांनी १९६३ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली, तेव्हा दोन टोकं वेगळी करून दाखवली होती. वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र असली तर हिशोब वरच्यासारखा. पण पहिलं वर्ष वाईट गेलं की पुढचीही तशीच जाणार असतील, तर कोणी कोणाची तूट भरत नाही आणि विचलनांची सरळ बेरीज करावी लागते. आपल्या युनिटात ते ३७.११ लाख होतं आणि कोष्टक ३९ टक्के शक्यता सांगतं. हापूसची गोष्ट आणखी निराळी. हे झाड एका वर्षी भरघोस फळतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. नुसत्या पिकाचा प्रश्न असता तर वर्षांचं नातं उलटं धरून विचलन २१ लाखांहूनही कमी आलं असतं. मात्र एखादा मोठा गिऱ्हाईक कायमचा तुटला तर तिन्ही वर्षं एकत्र बुडतात. नातं कुठलं धरायचं हे कोष्टक सांगत नाही. ते धंदा जाणणाऱ्याने ठरवायचं.

आणि कोष्टकाचाही एकदा झाडा घ्यायला हवा. तीन वर्षं, प्रत्येकाचे तीन प्रकार, म्हणजे एकूण २७ जोड्या. त्या हाताने मोजता येतात. वर्षं स्वतंत्र असताना उणे एनपीव्हीच्या जोड्यांची शक्यता भरते ३४.४ टक्के. कोष्टकाचे ३२ त्याच्या जवळच आहेत, कारण स्वतंत्र गोष्टींची बेरीज घंटेच्या आकाराकडे झुकते. पण वर्षं एकमेकांना बांधलेली असतील तर जोड्या उरतातच तीन: सगळी बरी, सगळी नेहमीची, सगळी वाईट. तोटा फक्त शेवटच्या जोडीत, म्हणजे शक्यता २५ टक्के, आणि कोष्टक मात्र ३९ सांगत बसतं. अशा वेळी कोष्टक बाजूला ठेवून जोड्याच मोजाव्यात.

मग बांधलेली वर्षं बरी म्हणायची का? तोट्याची शक्यता ३४ वरून २५ वर आली खरी, पण त्या एका जोडीत तोटा ४२ लाखांचा आहे. स्वतंत्र वर्षांत तोट्याच्या दर तीन शक्यतांपैकी साधारण दोन दहा लाखांच्या आतल्या आहेत. शून्याच्या खाली जाण्याची शक्यता खड्डा आहे एवढंच सांगते, खोली सांगत नाही.

त्यामुळे रेषा शून्यावरच ओढायला पाहिजे असं नाही. मालकाला पंधरा लाखांपर्यंतचा तोटा पचवता येत असेल, तर रेषा उणे पंधरावर न्यावी. सरासरीपासून तिचं अंतर २५.२२ लाख, म्हणजे स्वतंत्र वर्षांच्या हिशोबात १.१८ विचलनं. कोष्टक सांगतं सुमारे १२ टक्के. जोड्या मोजल्या तर ११. बांधलेल्या वर्षांत ही शक्यता २५ टक्क्यांवरून तसूभरही खाली येत नाही.