वाढता हप्ता आणि वीस ओळींचा तक्ता

निवृत्तीसाठी दरमहा 10,000 रुपयांची एसआयपी सुरू करायची आणि हप्ता दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवायचा, असा सल्ला आता सगळीकडे मिळतो. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर त्यावर शेवटची मोठी रक्कम लगेच दाखवतो. पण मधली वर्षं त्यात दिसत नाहीत, आणि निर्णय घ्यायचा तो त्या मधल्या वर्षांकडे पाहूनच. म्हणून कागदावर किंवा एक्सेलमध्ये वर्षाला एक ओळ असा तक्ता स्वतः मांडावा.

समजा, वय 40, निवृत्ती 60व्या वर्षी आणि परतावा वार्षिक 10 टक्के धरला. वर्षअखेरची रक्कम काढताना मागच्या वर्षीच्या शिलकीवर पूर्ण 10 टक्के वाढ धरायची. यंदाचे हप्ते मात्र वर्षभर थोडे थोडे जमा होतात, म्हणून त्यांच्यावर निम्मी, म्हणजे 5 टक्के. पहिल्या वर्षी 1,20,000 भरले, त्यावर 6,000 वाढले, शिल्लक 1,26,000. दुसऱ्या वर्षी हप्ता 11,000. जुन्या शिलकीची वाढ 12,600, नवे हप्ते 1,32,000 आणि त्यांच्यावरची वाढ 6,600. एकूण 2,77,200. पुढच्या सगळ्या ओळी अशाच खाली ओढायच्या.

| वर्ष | मासिक हप्ता (रु.) | वर्षअखेर शिल्लक |
|---|---|---|
| 1 | 10,000 | 1.26 लाख |
| 2 | 11,000 | 2.77 लाख |
| 3 | 12,100 | 4.57 लाख |
| 10 | 23,579 | 29.71 लाख |
| 15 | 37,975 | 71.77 लाख |
| 20 | 61,159 | 154.12 लाख |

कॅल्क्युलेटरचं उत्तर याहून सुमारे सहा लाखांनी जास्त आलं, तर बहुधा त्याने 10 टक्क्यांना 12ने भागून दरमहा चक्रवाढ केली आहे. तसं केल्यावर वार्षिक दर प्रत्यक्षात 10.47 टक्के होतो.

सगळ्यात आधी मधला रकाना वाचावा. शेवटच्या वर्षी दरमहा 61,159 रुपये भरायचे आहेत. वीस वर्षांत मिळून खिशातून 68.73 लाख जातात आणि त्यातले जवळपास 50 लाख शेवटच्या दहा वर्षांत. मुलांचं उच्च शिक्षण, आईवडिलांची आजारपणं यांचीही वर्षं हीच. ज्यांचा पगार दरवर्षी सरासरी सहा-सात टक्क्यांनीच वाढतो, त्यांचा पगारातला हप्त्याचा वाटा वाढतच जाईल. त्यांनी 10 टक्के वाढीचा तक्ता मांडून स्वतःची फसगत करून घेऊ नये, असं मला वाटतं. दरसाल 5 टक्के वाढ धरली, तर शेवटचा हप्ता सुमारे 25,270 रुपयांचा होतो आणि जमतात 1 कोटी 3 लाख. हप्ता कधीच वाढवला नाही, तर 72 लाख.

आता महागाई. ती 6 टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या 154 लाखांची किंमत आजच्या हिशेबात 48 लाखच उरते. न वाढवलेला 10,000चा हप्ता विसाव्या वर्षी आजच्या 3,300 रुपयांइतका असतो. म्हणजे 5 टक्क्यांनी हप्ता वाढवणाराही खरं तर दरवर्षी किंचित कमीच बचत करतो आहे. म्हणून तक्त्यात ‘आजच्या रुपयांत’ असा चौथा रकाना हवाच. त्यासाठी प्रत्येक ओळीतली शिल्लक तितक्या वर्षांच्या महागाईने भागायची.

तक्त्यातला सगळ्यात मोठा धोका अगदी तळाशी असतो. बाजार दरवर्षी नेमाने 10 टक्के देत नाही. दुसऱ्याच वर्षी 20 टक्क्यांची घसरण झाली आणि पुढे सगळं सुरळीत चाललं, तर अखेरची रक्कम तीनेक लाखांनी कमी होते. तीच घसरण विसाव्या वर्षी आली, तर 154 लाखांच्या जागी 113 लाख हातात येतात. सुरुवातीला पडझडीच्या तडाख्यात सापडायला पैसाच थोडा असतो. हप्ता वाढत गेला की बहुतेक पैसा उशिरा येतो, त्यामुळे शेवटच्या वर्षांतली घसरण जवळजवळ सगळ्या पुंजीवर पडते आणि भरून काढायला वेळ उरत नाही.

यावर एक उपाय तक्त्यातच करून पाहता येतो. पंधराव्या वर्षानंतर पुंजी आणि नवे हप्ते टप्प्याटप्प्याने कमी जोखमीच्या योजनांत न्यायचे. सोपा हिशेब म्हणून शेवटच्या पाच ओळींत परतावा 7 टक्के धरायचा, तेव्हा नव्या हप्त्यांवर निम्मा म्हणजे 3.5 टक्के. सोळाव्या वर्षअखेरीस 81.98 लाख होतात आणि विसाव्या वर्षअखेरीस 136.6 लाख. कॅल्क्युलेटरच्या आकड्याहून ही रक्कम बरीच कमी आहे, पण निवृत्तीनंतरच्या मासिक खर्चाची आखणी 154 लाखांवर न करता याच रकमेवर, तिच्या आजच्या किमतीतल्या साधारण 42-43 लाखांवर करावी.