आंबा की आबा? स्कॅनमधलं मागच्या पानाचं भूत

आजीची हिशोबाची वही सापडली की घरात आधी दोन दिवस कौतुक होतं आणि तिसऱ्या दिवशी फर्मान सुटतं, ‘तू कॉलेजात जातोस ना, मग स्कॅन करून ग्रुपवर टाक.’ तुमच्याही घरी असं काहीतरी असेल. आजोबांची पत्रं, एखादी जुनी डायरी, नाहीतर पणजीच्या हातची पाककृतींची वही. तुम्ही हौसेने मोबाइल काढता, अ‍ॅप उघडता, फोटो मारता. आणि स्क्रीनवर काय दिसतं? समोरच्या ओळींच्या मधून मागच्या पानाच्या उलट्या ओळी डोकावतायत. वहीत वाचता येणारं पान स्कॅनमध्ये मात्र नुसता गिचमिडकाला.

आमच्याकडे १९५६ सालच्या वहीत हेच झालं. मावसभावाने स्कॅन वाचून सगळा खर्च टाइप केला आणि मे महिन्यात एक नोंद निघाली, ‘आबा ५ रु.’ आबा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. घरात लगेच चर्चा सुरू. आबांनी पाच रुपये उसने घेतले होते? परत दिले का? मग आईने स्कॅन डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘अरे, ‘आ’वर टिंब आहे का बघ. आंबा असेल तो.’ टिंब होतंही आणि नव्हतंही. एक फिकट ठिपका होता. तो आजीच्या अनुस्वाराचा की मागच्या पानावरच्या शाईचा, एवढाच प्रश्न. या ठिपक्यामागे लागूनच मला पुढचं सगळं शिकावं लागलं.

आधी भूत ओळखा. मागची अक्षरं दोन वेगळ्या कारणांनी दिसतात आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलं कारण म्हणजे पातळ कागद. स्कॅनरचा प्रकाश कागदातून आरपार जातो, झाकणाच्या पांढऱ्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि वाटेत मागची शाई त्याला अडवते. तिथे स्कॅनमध्ये सावली पडते. इथे शाई मागेच आहे, फक्त दिसते आहे. दुसरं कारण म्हणजे शाई खरोखरच कागदात मुरून या बाजूला आली आहे. त्या काळच्या बऱ्याच निळ्या-काळ्या फाउंटन पेनच्या शायांमध्ये लोहाचे क्षार असत. अशी शाई कागदाच्या धाग्यांत शिरते, दमट हवेत आणखी पसरते आणि वर्षांनी तपकिरी होते. जुनी काजळीची शाई त्यामानाने कागदाच्या वरच बसून राहते.

दोन्हींतला फरक ओळखायला एक काळा कागद पुरतो. पानाच्या मागे तो ठेवा आणि बघा. भूत फिकं पडलं तर ती नुसती सावली. जसंच्या तसं राहिलं तर शाई मुरलेली आहे.

हा काळा कागदच तुमचं पहिलं आणि सगळ्यात मोठं हत्यार. स्टेशनरीच्या दुकानात काळं कार्डशीट मिळतं, ते वहीच्या आकाराचं कापून घ्या. मोबाइलने फोटो काढत असाल तर प्रत्येक पानाखाली ते सरकवा. सुटं पत्र फ्लॅटबेड स्कॅनरवर असेल तर पत्र काचेवर पालथं ठेवून त्याच्या पाठीवर कार्डशीट ठेवा आणि मग झाकण लावा. आता आरपार गेलेला प्रकाश काळ्यात विरतो, परत येत नाही. परत येणारा प्रकाशच नाही, तर मागची शाई अडवणार काय? पान एकूण थोडं काळपट येईल, पण ते सगळीकडे सारखं काळपट येतं. तेवढं नंतर सहज उजळता येतं.

दुसरी काळजी सेटिंगची. स्कॅन रंगीत करा, ३०० ते ४०० डीपीआयवर, आणि शक्यतो टिफ फाइलमध्ये ठेवा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडूच नका. त्यात यंत्र प्रत्येक बिंदूला ‘शाई’ किंवा ‘कागद’ एवढंच ठरवतं. एकदा का भूत ‘शाई’ ठरलं की ते खऱ्या अक्षराइतकंच काळं होतं, मग कोणीही ते वेगळं करू शकत नाही. मोबाइलची स्कॅनर अ‍ॅप्स बऱ्याचदा असाच फिल्टर आपोआप लावतात. तो बंद करून मूळ फोटो ठेवा. पानाच्या मागून उजेड येऊ देऊ नका, म्हणजे खिडकीसमोर पान धरून फोटो नको.

आता संगणकावर या. GIMP फुकट मिळतं. त्यात Colors → Levels उघडलं की एक आलेख दिसतो, राखाडी छटांचा. डावीकडे काळं म्हणजे ०, उजवीकडे पांढरं म्हणजे २५५. उजवीकडचा मोठा डोंगर हा कागद आणि डावीकडचा पसारा ही शाई. डोंगराच्या पायथ्याशी मध्येच एखादा उंचवटा दिसतो, ते आपलं भूत. आलेखाखालचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत त्या उंचवट्याच्या पलीकडे नेला की कागद आणि भूत दोन्ही पांढरे होतात, शाई राहते.

सोपं वाटतं ना? आता आमचा ठिपका घ्या. पहिल्या स्कॅनमध्ये, म्हणजे पांढऱ्या झाकणाखाली, कागद साधारण २३५ होता, भूत १७० आणि तो ठिपका १७५. म्हणजे ठिपका भुताइतकाच फिका. त्रिकोण १७० पर्यंत आणला की भूत जायचं, पण ठिपकाही जायचा आणि उरायचं ‘आबा’. मावसभावाने नेमकं हेच केलं होतं. पान त्याला स्वच्छ दिसलं, म्हणून बरोबर वाटलं.

काळा कागद ठेवून पुन्हा स्कॅन केलं तेव्हा आकडे बदलले. कागद काळपट होऊन खाली आला, भूत जवळपास होतं तिथेच राहिलं आणि ठिपका आणखी गडद झाला. आता कागद भुताच्या जवळ सरकला आणि ठिपका दोघांपासून लांब राहिला. त्रिकोण भुताच्या जरा डावीकडे ठेवला. भूत गेलं, ठिपका राखाडी का होईना, पण टिकला.

तरी खात्री हवी. ठिपका मागचा नाही कशावरून? कदाचित तिथे मागची शाई मुरली असेल. इथे मागचं पानच साक्षीदार होतं. मागच्या पानाचा स्कॅन घ्या, आरशासारखा उलटा करा आणि समोरच्या पानावर ठेवा. GIMP मध्ये File → Open as Layers ने तो वरचा थर म्हणून उघडा, मग Layer → Transform → Flip Horizontally. थराची Opacity ५० वर आणली की दोन्ही पानं एकावर एक दिसतात. पानाचे कोपरे, टाचणीची भोकं यांच्या आधाराने ती जुळवा. आम्ही जुळवलं आणि ठिपक्याच्या जागी बघितलं. मागे तिथे कोरा कागद होता. म्हणजे टिंब आजीचंच. निब कोरडी पडल्यामुळे फिकं उमटलेलं. खालच्या दोन ओळींतले अनुस्वारही तसेच फिके होते, ते तेव्हा लक्षात आलं. आबा निर्दोष सुटले.

याच युक्तीने मुरलेली शाईसुद्धा बरीच घालवता येते. मागचं पान जुळवलं की आधी दोन्ही पानं राखाडी करा (Image → Mode → Grayscale). मागच्या पानाच्या थराला Filters → Blur → Gaussian Blur ने अगदी थोडं, एक-दोन पिक्सेल धूसर करा, कारण कागदातून येताना भुताच्या कडा पसरलेल्या असतात. मग Colors → Invert करून थराचा Mode ‘Addition’ ठेवा आणि Opacity १० पासून हळूहळू वाढवा. मागे जिथे शाई आहे तिथेच समोरचं पान उजळत जातं. बहुतेकदा १५ ते ३० च्या दरम्यान भूत विरतं, तिथे थांबा.

यात एक फसगत आहे, तीत मी दोन संध्याकाळी घालवल्या. मागच्या पानाच्या स्कॅनमध्ये समोरच्या पानाचंही भूत असतं! तो स्कॅन उलटवून ठेवला की ते भूत बरोबर खऱ्या अक्षरांवर बसतं आणि खरी अक्षरंच फिकी होतात. म्हणून थर चढवण्याआधी मागच्या पानाचा स्कॅन Levels ने स्वच्छ करून घ्या.

चूक झाली हे ओळखायचं कसं? समोरच्या अक्षरांत पांढरे ओरखडे दिसले आणि ते मागच्या अक्षरांच्या आकाराचे असले, तर Opacity जास्त झाली. भुताशेजारी उजळ सावली दिसली तर पानं नीट जुळलेली नाहीत. जुना कागद वाकडा झालेला असतो, एक कोपरा जुळला की दुसरा सरकतो. अशा वेळी अर्धं अर्धं पान घेऊन काम करा. शंका आली तर मोठं करून कडा बघा. समोरच्या रेघेची कड धारदार असते, भुताची पिसटलेली. वळणही बघा, कारण भुताचा कल उलटा असतो. देवनागरीत आणखी एक गंमत होते. मागची शिरोरेखा समोरच्या शब्दाच्या मधोमध आली तर तो शब्द खोडल्यासारखा दिसतो. नोंद खरंच खोडली आहे असं समजून हिशोब वगळू नका.

आणि काही जागी काहीच चालत नाही. दोन्ही बाजूंची शाई एकाच ठिकाणी मुरून एक झाली असेल, तर तिथलं अक्षर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. तिथे अंदाजाने शब्द भरू नका, कंसात ‘अस्पष्ट’ लिहा. मूळ रंगीत स्कॅनही डिलीट करू नका. स्वच्छ केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. मूळ वहीला लॅमिनेशन करणं किंवा शाई फिकी करायला काही लावणं तर नकोच.

आमच्या वहीत अशी अकरा ठिकाणं ‘अस्पष्ट’ राहिली आहेत. मे महिन्याची बेरीज मात्र जुळली. पाच रुपयांचे आंबे त्यात आहेत, आणि टिंबासकट आहेत.