अंदाज वजा सत्य

घाईत लिहिलेला देवनागरी नऊ पुष्कळदा एकासारखा दिसतो. असाच एक अंक संगणकाला ओळखायला दिला आहे आणि पर्याय तीनच आहेत असे धरू: एक, नऊ किंवा सात. चित्र पाहून न्यूरल नेटवर्क प्रत्येक पर्यायाला एक कच्चा गुण देते. समजा, ‘एक’ला २, ‘नऊ’ला १ आणि ‘सात’ला ० गुण मिळाले. खरा अंक होता नऊ, म्हणजे नेटवर्क चुकले. आता कोणता गुण किती वाढवायचा आणि कोणता किती उतरवायचा, हे ठरवायचे आहे. नेटवर्कचे सगळे शिकणे इथूनच सुरू होते, आणि याचे उत्तर एका वजाबाकीत मिळते.

आधी गुणांच्या संभाव्यता करायच्या. हे काम सॉफ्टमॅक्सचे. हे नाव जॉन ब्रायडल या संशोधकाने रूढ केले. e म्हणजे सुमारे २.७१८ या संख्येचा, गुण जितका तितका घात करायचा आणि सगळ्यांच्या बेरजेने भागायचे. आपले घात येतात ७.३८९, २.७१८ आणि १; बेरीज ११.१०७. भागल्यावर ‘एक’ची संभाव्यता ०.६६५, ‘नऊ’ची ०.२४५ आणि ‘सात’ची ०.०९०.

मग चूक मोजायची. क्रॉस-एन्ट्रॉपी फक्त खऱ्या उत्तराच्या संभाव्यतेकडे बघते, तिचा लॉगॅरिदम घेते आणि चिन्ह उलटवते. ०.२४५ साठी चूक येते १.४०८. खऱ्या उत्तराला पूर्ण १ संभाव्यता मिळाली असती, तर चूक शून्य झाली असती.

आता विकलज काढायचा, म्हणजे एखादा गुण किंचित हलवला तर चूक किती वेगाने बदलते ते पाहायचे. कॉलेजातले गणित आठवणारा इथे धास्तावतो. प्रत्येक संभाव्यता तिन्ही गुणांवर अवलंबून आहे, शिवाय भागाकार आहे. पण विकलनाआधी लॉगॅरिदम सोडवून घेतला, की सगळा गुंता सुटतो. भागाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची वजाबाकी, आणि e च्या घाताचा लॉग म्हणजे तो घातच. उरते एवढेच:

चूक = log(तिन्ही घातांची बेरीज) − खऱ्या उत्तराचा गुण

दुसऱ्या पदाचा विकलज ‘नऊ’साठी १ आणि बाकीच्यांसाठी ०. पहिल्या पदाचा विकलज काढताना बेरीज छेदात जाते, ज्याचा गुण हलवला त्याचा घात अंशात येतो. हा तर पुन्हा सॉफ्टमॅक्सच! म्हणून उत्तर p − y. इथे p म्हणजे अंदाजलेली संभाव्यता, आणि y खऱ्या पर्यायासाठी १, इतरांसाठी ०. मला यातली सर्वात सुंदर गोष्ट ही वाटते की घातक्रिया आणि लॉग एकमेकांसाठीच बनल्यासारखे एकमेकांना खोडतात.

आपल्या उदाहरणात ‘एक’साठी ०.६६५, ‘नऊ’साठी −०.७५५, ‘सात’साठी ०.०९० येतात. गुण यांच्या उलट दिशेने सरकवायचे: ‘नऊ’ वर, बाकीचे खाली, आणि जास्त दिमाखाने चुकलेला ‘एक’ जास्त खाली. तिन्हींची बेरीज शून्य. खात्री करायची तर ‘नऊ’चा गुण १ वरून १.०१ करून बघा. चूक १.४०७६ वरून १.४००१ वर येते. ०.०१ ने सरकल्यावर सुमारे ०.००७५ ची घट, म्हणजे दर −०.७५ च्या आसपास.

हा सोपेपणा फक्त कागद वाचवत नाही. क्रॉस-एन्ट्रॉपीऐवजी फरकाचा वर्ग ही चूक मानली, तर विकलजात खऱ्या उत्तराची संभाव्यता गुणक म्हणून शिल्लक राहते. ती ०.००१ असेल, म्हणजे नेटवर्क ठाम चुकत असेल, तर दुरुस्तीही हजारांशाच्या घरात जाते आणि शिकणे जवळजवळ थांबते. p − y मध्ये तीच दुरुस्ती ०.९९९ असते. याची दुसरी बाजूही आहे. कोणी चुकून नऊच्या चित्रावर ‘सात’ अशी चिठ्ठी लावली असेल, तर ते खोटे ‘सत्य’ही तेवढ्याच जोराने नेटवर्कला ओढते.

प्रत्यक्ष कामात एक चूक वारंवार होते. पायटॉर्चमधले CrossEntropyLoss कच्चे गुणच मागते. सॉफ्टमॅक्स ते स्वतः लावते. अनेकजण आधीच सॉफ्टमॅक्स लावून संभाव्यता त्याच्या हाती देतात. मग तो दोनदा लागतो आणि p − y ही वजाबाकी मूळ गुणांपर्यंत तशी पोचत नाही. कार्यक्रम कुठेही अडत नाही, अंक थोडेफार ओळखूही येतात, म्हणून शंका येत नाही. पण खूण स्पष्ट असते. दहा अंकांच्या कामात चूक सुरुवातीला log 10, म्हणजे २.३०३ च्या आसपास असते आणि १.४६१ च्या खाली कधीच जात नाही. कारण आत जाणारे ‘गुण’ ० ते १ मध्ये अडकलेले असतात. सर्वोत्तम स्थितीत एक १ आणि नऊ शून्ये, त्यांची चूक log(e + 9) − 1, म्हणजेच १.४६१. नेटवर्कच्या शेवटची सॉफ्टमॅक्सची ओळ काढून टाकली, की हा अडथळा दूर होऊन चूक त्याखाली उतरू शकते.