पगाराचा आकडा कुणाचा?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गॅड्सडन गावी गुडइयर कंपनीचा टायरचा कारखाना होता. लिली लेडबेटर 1979 मध्ये तिथे कामाला लागल्या आणि पुढे एरिया मॅनेजर झाल्या. पगाराविषयी कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा तिथला दंडक होता. नोकरीची शेवटची वर्षं आली तेव्हा कामावरच्या त्यांच्या टपालाच्या खणात एक चिठ्ठी पडली. तिच्यावर ना सही, ना नाव. होते फक्त पगाराचे आकडे: त्यांचा स्वतःचा, आणि तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांचा.

पुढे हे आकडे कोर्टात आले. 1997 च्या अखेरीस लेडबेटर यांना महिन्याला 3,727 डॉलर मिळत होते. त्याच हुद्द्यावर सगळ्यात कमी पगार असलेल्या पुरुषाला 4,286 मिळत होते आणि सगळ्यात जास्त असलेल्याला 5,236. म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसापेक्षाही त्या दरमहा 559 डॉलरनी मागे होत्या. हा फरक एका दिवसात पडलेला नव्हता. दर वर्षीच्या वाढीत थोडं थोडं कमी मिळत गेलं आणि ते साचत गेलं. पगार कमी, म्हणून ओव्हरटाइम कमी, आणि पुढे पेन्शनही कमी.

ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. पगार ठरवण्याचा भेदभावाचा निर्णय झाल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी होती, असं बहुमताचं म्हणणं पडलं. जो आकडा कळूच दिला गेला नाही, त्याची तक्रार 180 दिवसांत करायची कशी? असहमतीचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी नेमकं हेच मांडलं: सहकाऱ्यांचे पगार झाकलेले असतात, त्यामुळे असा अन्याय उशिरा कळतो. जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि त्याला लेडबेटर यांचंच नाव दिलं. आता भेदभावाचा प्रत्येक पगार हातात पडला, की मुदत नव्याने सुरू होते. लेडबेटर यांना मात्र गुडइयरकडून त्याचा एक डॉलरही मिळाला नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पगाराबद्दल आपसांत बोलण्याचा हक्क अमेरिकेत तेव्हाही होता. 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचं सातवं कलम खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना तो देतं, मग युनियन असो वा नसो. जेवणाच्या सुट्टीत बोला, कामानंतर फोनवर बोला. ‘पगाराबद्दल बोललात तर कारवाई होईल’ हा नियमच बेकायदा ठरतो; तो लेखी असो की साहेबाने तोंडी सांगितलेला. अशा बोलण्यावरून कुणाला काढून टाकलं, तर सहा महिन्यांत कामगार संबंध मंडळाकडे तक्रार करता येते, आणि नोकरी व बुडालेला पगार दोन्ही परत मिळू शकतं. पण हा कायदा सुपरवायझरना लागू नाही. सरकारी नोकर, शेतमजूर आणि घरकामगारही त्यातून बाहेर आहेत. पगारपत्रकं हाताळणं हेच ज्याचं काम आहे, त्याने तिथे पाहिलेले इतरांचे आकडे बाहेर सांगितले, तर त्यालाही सहसा हे संरक्षण मिळत नाही.

याच देशात एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनिअरांच्या बाबतीत उलटाच प्रकार आहे. त्यांना किती पगार देणार, हे कंपनीला सरकारकडच्या अर्जात लिहावं लागतं आणि त्याची सूचना कामाच्या ठिकाणी सर्वांना दिसेल अशी लावावी लागते.

भारतात काय? इथे अनेक अपॉइंटमेंट लेटरमध्ये खालच्या बाजूला एक ओळ असते: आपला पगार ही गोपनीय बाब असून ती सहकाऱ्यांना सांगू नये. अमेरिकेसारखा, ही ओळच रद्द ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून ‘माझा पगार मी कुणालाही सांगेन’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याने आधी आपलं पत्र वाचावं. कंपनी मेमो देऊ शकते. तेवढ्यावरून काढून टाकलं, तर ते टिकेल की नाही, हे कामाचं स्वरूप, स्टँडिंग ऑर्डर आणि चौकशी कशी झाली यावर ठरेल.

पण त्या ओळीमुळे कायद्याने दिलेले हक्क मावळत नाहीत. वेतन संहिता 2019 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष असा भेद करून पगार देता येणार नाही, असं ती सांगते. कर्मचाऱ्याला पगाराची स्लिप देणं तिने बंधनकारक केलं आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही: मालकाने नोटीस बोर्डावर कर्मचाऱ्यांचे वर्गवार वेतनदर लावायचे आहेत. प्रत्येक नावापुढचा आकडा नाही, पण कोणत्या कामाला काय दर, हे भिंतीवर दिसायला हवं. बोर्ड रिकामा असेल, तर विचारायला तिथूनच सुरुवात करता येते.

दर उघड असले की काय घडतं, याचा दाखला मुंबईतच आहे. मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत ऑड्रे डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. 1975 च्या वेतन करारात महिला स्टेनोंचा पगार पुरुष स्टेनोंपेक्षा कमी बसला होता, आणि तो फरक कागदावर दिसत होता. 1977 मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. महिला स्टेनो साहेबांची गोपनीय कामं करतात, त्यामुळे त्यांचं काम वेगळं आहे, असं कंपनी सांगत राहिली. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. शॉर्टहँड घेणं आणि टाइप करणं, काम तेच होतं. थकलेली रक्कम 7,196 रुपये 67 पैसे होती. हा हिशोब पैशापर्यंत मांडता आला, कारण तुलनेला दुसरा आकडा हाती होता.

आज आयटीतल्या दोन मैत्रिणी चहाच्या टपरीवर ‘माझं बारा लाखांचं पॅकेज’ एवढंच एकमेकींना सांगतात तेव्हा ही तुलना होतच नाही. समजा, दोघींचं सीटीसी बारा लाखच आहे. पहिलीच्या पॅकेजमध्ये व्हेरिएबल 1 लाख 20 हजार आहे, दुसरीच्या 2 लाख 40 हजार. म्हणजे हमखास मिळणाऱ्या रकमेत वर्षाला 1 लाख 20 हजारांचा, महिन्याला 10 हजारांचा फरक पडला. कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे की नाही, हेही दोघींच्या पत्रांत वेगळं असू शकतं. म्हणून बोलायचं तर बेसिक किती, फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि गेल्या वर्षी त्यातलं प्रत्यक्षात किती आलं, असं बोलावं. हुद्दा आणि अनुभवाची वर्षंही सोबत सांगावीत, नाहीतर फरकाचं खरं कारण हाती लागत नाही.

आणि सांगायचा तो आपला आकडा. एचआरमधल्या ओळखीने मिळालेली टीमची एक्सेल शीट ग्रुपवर टाकणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे कंपनीची माहिती फोडल्याचा ठपका बसतो आणि तो टिकायला वेळ लागत नाही. सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेला आकडाही त्याला विचारल्याशिवाय अप्रेझलच्या मीटिंगमध्ये काढू नये. तिथे ‘अमक्याला इतके मिळतात’ म्हटलं, की अडचणीत तो अमका येतो. ‘या पदाचा, इतक्या अनुभवाचा बँड काय आहे आणि मी त्यात कुठे आहे, ते लेखी कळवा’ अशी मेल मॅनेजरला पाठवली, तर त्यात कुणाचंच नाव येत नाही आणि उत्तर द्यायची वेळ कंपनीवर येते.